धारणकाल आणि भांडवली लाभावरील कर : एका भेदाचा इतिहास

एखाद्या गृहस्थाने काही समभाग घेतले व अकरा महिन्यांनी विकले, तर त्यावर झालेल्या नफ्याला प्राप्तिकराचा एक दर लागतो; तेच समभाग त्याने तेरा महिन्यांनी विकले तर दुसरा, बहुधा बराच कमी दर लागतो. नफ्याची रक्कम तीच, विकणारा तोच, वस्तूही तीच. बदललेली असते ती केवळ दिनदर्शिका. करशास्त्रात सामान्यतः कराचा संबंध रकमेशी किंवा व्यक्तीच्या ऐपतीशी जोडला जातो. असे असता काळाला हे महत्त्व कोठून व का प्राप्त झाले, आणि ज्या कारणांसाठी ते देण्यात आले ती कारणे या नियमाने कितपत साध्य होतात, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात भारतीय कायद्याच्या इतिहासाच्या आधारे केला आहे.

या इतिहासाचा आरंभ एका शब्दाच्या वादापासून होतो. इंग्रजी करविचारात ‘इन्कम’ या शब्दाचा अर्थ दीर्घकाळ संकुचित राहिला होता. जे मूळ वस्तू कायम ठेवून तिच्यापासून ठराविक कालाने येत राहते ते उत्पन्न. मूळ वस्तूचीच किंमत वाढली तर ती वाढ भांडवलाचा भाग, उत्पन्नाचा नव्हे. झाड आणि फळ हा दृष्टान्त या संदर्भात नेहमी दिला जात असे. जमीनदारी व विश्वस्तनिधी यांवर उभ्या असलेल्या समाजात हा भेद स्वाभाविक होता, कारण तेथे हयातीपुरता हक्क असलेल्यास फळे घेण्याचा अधिकार असे, झाड विकून खाण्याचा नसे. मराठीतील ‘उत्पन्न’ हा शब्दही व्युत्पत्तीच्या दृष्टीने याच कल्पनेकडे झुकतो. जे निपजते ते उत्पन्न. उलट ‘प्राप्ति’ या शब्दात निपजण्याची अट नाही. जे हाती आले ती प्राप्ति. ‘इन्कम टॅक्स’ या संज्ञेला मराठीत ‘प्राप्तिकर’ हा जो प्रतिशब्द रूढ झाला, तो पुढे न्यायालयाने मान्य केलेल्या अर्थाशी अधिक जुळणारा ठरला, असे म्हणता येईल.

भारतात भांडवली लाभावर कर बसविण्याचा पहिला प्रयत्न १९४७ साली झाला. अंतरिम सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी २८ फेब्रुवारी १९४७ रोजी मांडलेल्या अंदाजपत्रकात हा प्रस्ताव होता, आणि त्यानुसार १९२२ च्या प्राप्तिकर अधिनियमात कलम १२-ब घालण्यात आले. ३१ मार्च १९४६ नंतरच्या विक्रीला ते लागू होते. युद्धकाळात मालमत्तेच्या किंमती भडकल्या होत्या, आणि त्या भडक्याचा लाभ ज्यांना झाला त्यांच्यापर्यंत पोहोचणे हा हेतू होता. पंधरा हजार रुपयांपर्यंतचा लाभ करमुक्त ठेवण्यात आला. अल्पकालीन व दीर्घकालीन असा भेद मात्र या योजनेत नव्हता.

हा कर वैध आहे की नाही, हा प्रश्न मुंबईतूनच उपस्थित झाला. नवीनचंद्र मफतलाल यांनी मुंबईतील काही स्थावर मालमत्तेतील आपला निम्मा हिस्सा १९४६ साली विकला होता व त्यांच्या वाट्याला नऊ लाखांहून अधिक नफा आला होता. १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टनुसार मध्यवर्ती विधिमंडळास उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार होता. परंतु भांडवली लाभ हे उत्पन्नच नव्हे, सबब हे कलम अधिकारबाह्य आहे, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन्ही न्यायमूर्तींनी कलम वैध ठरविले, पण निरनिराळ्या कारणांनी. एकाने ते उत्पन्नावरील कराच्या नोंदीत बसविले, तर दुसऱ्याने मालमत्तेच्या भांडवली मूल्यावरील कराच्या नोंदीत. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वादाचा निकाल लावला. घटनात्मक अधिकार देणारा शब्द त्याच्या नैसर्गिक व व्यापकतम अर्थाने घेतला पाहिजे. इंग्लंडातील करकायद्याच्या व्यवहारात त्यास आलेला संकोच येथे लागू होत नाही. भांडवली लाभ हेही उत्पन्नच होय, असा त्याचा आशय होता.

या निकालाने एक प्रश्न मिटला, पण दुसरा जन्माला आला. झाडाची वाढही उत्पन्नच असेल, तर तिच्यावर इतर उत्पन्नाप्रमाणेच कर का बसू नये? सवलत द्यावयाची असेल तर ती कोणत्या आधारावर? आतापर्यंत ‘हे उत्पन्नच नव्हे’ एवढे सांगून भागत होते. आता ‘हे उत्पन्न आहे, पण निराळ्या जातीचे’ असे सांगणे भाग पडले, आणि ती जात ओळखण्यासाठी काही खूण हवी होती. काळ ही ती खूण होय.

ही खूण भारताने शोधून काढली नाही. अमेरिकेत प्राप्तिकराच्या आरंभापासून भांडवली लाभ सामान्य उत्पन्नात धरला जात होता. पहिल्या महायुद्धात कराचे दर अतिशय चढले, तेव्हा शेते, खाणी इत्यादि मालमत्ता असणारे लोक विक्रीच टाळू लागले. अनेक वर्षांत हळूहळू झालेली वाढ विक्रीच्या एका वर्षात मोजली जाऊन तिच्यावर सर्वोच्च दर बसतो, अशी त्यांची तक्रार होती. १९२१ च्या महसूल अधिनियमाने यावर उपाय म्हणून दोन वर्षांहून अधिक काळ धारण केलेल्या मालमत्तेच्या लाभावर जास्तीत जास्त साडेबारा टक्के दर ठेवला. त्या सुमारास सामान्य उत्पन्नावरील सर्वोच्च दर पन्नास टक्क्यांच्या वर होता, हे ध्यानात घेतले म्हणजे सवलतीचे प्रमाण कळते.

या तक्रारीत कितपत तथ्य होते हे एका उदाहरणाने पाहणे योग्य होईल. समजा, दहा लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर दहा टक्के व त्यावरील भागावर तीस टक्के असा काल्पनिक कर आहे. एका गृहस्थाचे उत्पन्न दर वर्षी आठ लाख आहे, आणि त्याच्या जमिनीची किंमत दहा वर्षे दर वर्षी एक लाखाने वाढत आहे. ही वाढ वर्षाच्या वर्षी मोजली असती तर त्याचे उत्पन्न नेहमी नऊ लाख भरले असते, आणि वाढीवर दर वर्षी दहा हजार, म्हणजे दहा वर्षांत एकूण एक लाख रुपये कर पडला असता. प्रत्यक्षात कर विक्रीच्या वेळी बसतो. दहाव्या वर्षी त्याचे उत्पन्न अठरा लाख दिसते. लाभाच्या दहा लाखांपैकी पहिल्या दोन लाखांवर वीस हजार आणि उरलेल्या आठ लाखांवर दोन लाख चाळीस हजार, मिळून दोन लाख साठ हजार रुपये कर होतो. लाभ तोच असता केवळ तो एका वर्षात गोळा झाल्यामुळे एक लाख साठ हजारांचा अधिक भार पडला. यास लाभाचे ‘साचणे’ म्हणता येईल. प्रगतिशील दर आणि विक्रीच्या वेळी होणारी करआकारणी या दोन गोष्टी एकत्र आल्या की हा दोष अटळ होतो, आणि धारणकाल जितका दीर्घ तितका तो मोठा होतो.

परंतु याच उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. त्या गृहस्थाने दर वर्षी द्यावयाचे दहा हजार रुपये दिले नाहीत. ते त्याच्याजवळच राहिले. शेकडा आठ दराने त्यांवरील व्याज जमेस धरल्यास वर्षाच्या वर्षी कर देण्याचा खरा भार दहा वर्षांअखेर एक लाख नव्हे, तर सुमारे एक लाख पंचेचाळीस हजार ठरतो. तेव्हा अन्याय एक लाख साठ हजारांचा नसून सुमारे एक लाख पंधरा हजारांचा आहे. आता हाच हिशेब ज्याचे उत्पन्न नेहमीच सर्वोच्च दराच्या टप्प्यात आहे अशा धनिकाला लावून पाहावा. त्याचा लाभ साचला काय अथवा विखुरला काय, दर तीस टक्केच. त्यास साचण्याचा तोटा मुळीच नाही. उलट दर वर्षीचे तीस हजार रुपये लांबणीवर पडल्याचा फायदा मात्र आहे. व्याजासह जो भार सुमारे चार लाख पस्तीस हजारांचा झाला असता, तो तीन लाखांवर सुटतो. म्हणजे ज्या कारणासाठी सवलत दिली जाते ते कारण मध्यम उत्पन्नाच्या, क्वचित् विक्री करणाऱ्या मनुष्यास लागू पडते, आणि मोठ्या मालमत्तेच्या सर्वोच्च टप्प्यातील मालकास लागू पडत नाही. सवलत मात्र दोघांनाही मिळते. या भेदावर पुढे जी टीका झाली तिचा पाया हाच आहे.

साचण्याचा दोष दूर करण्यासाठी धारणकालाचा आधार घेणे अपरिहार्य आहे काय? भारताच्याच कायद्यात याचे नकारार्थी उत्तर सापडते. १९४७ चा कर लवकरच, ३१ मार्च १९४८ नंतरच्या लाभांपुरता, बंद करण्यात आला. १९५६ साली केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांनी भारत सरकारला करसुधारणेवर अहवाल सादर केला. भांडवली लाभ ही खर्च करण्याच्या शक्तीत पडलेली भरच आहे, म्हणून तीवर कर असलाच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षाच्या अखेरीस अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी हा कर पुन्हा आणला. या दुसऱ्या योजनेत दर ठरविण्याची एक चतुर रीत होती. इतर उत्पन्नात संपूर्ण लाभ न मिळविता त्याचा केवळ एक तृतीयांश मिळवावयाचा. त्या बेरजेला जो सरासरी दर पडेल तोच संपूर्ण लाभास लावावयाचा. मालमत्ता किती वर्षे जवळ होती हे येथे विचारलेच जात नव्हते. साचण्यावर उपाय होता, पण तो अल्पकाळ धरणारा व दीर्घकाळ धरणारा या दोघांस सारखाच लागू होता.

१९६२ साली ही स्थिती बदलली. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना त्या वर्षीच्या वित्त अधिनियमाने १९६१ च्या नव्या प्राप्तिकर अधिनियमात अल्पकालीन भांडवली मालमत्तेची व्याख्या घातली. बारा महिन्यांहून अधिक काळ धारण न केलेली मालमत्ता ती अल्पकालीन. तिच्यावरील लाभ सामान्य उत्पन्नाप्रमाणे करपात्र झाला आणि सवलत दीर्घकालीन लाभापुरती उरली. येथून भारतीय करकायद्यात काळ ही स्वतंत्र कसोटी झाली.

या बदलामागील विचार साचण्याचा नव्हता, तो हेतूचा होता. जो मनुष्य वस्तू विकण्यासाठीच घेतो त्याचा नफा व्यापाराचा असतो. जो जवळ बाळगण्यासाठी घेतो त्याची वाढ भांडवलाची असते. हा भेद तत्त्वतः स्पष्ट असला तरी हेतू डोळ्यांना दिसत नाही. इंग्लंडमध्ये न्यायालयांना तो बाह्य लक्षणांवरून अनुमानावा लागे. तेथील प्राप्ति व नफा यांच्या करआकारणीविषयीच्या राजकीय आयोगाने १९५५ च्या आपल्या अंतिम अहवालात व्यापाराची सहा लक्षणे नोंदविली. त्यांत वस्तूचे स्वरूप, व्यवहारांची वारंवारता, विक्रीची परिस्थिती, हेतू इत्यादींबरोबर मालकीच्या काळाची लांबी हेही एक लक्षण होते. काल्डॉर हे त्या आयोगाचे सदस्य होते आणि बहुमताशी मतभेद नोंदवून भांडवली लाभावरील कराची शिफारस त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथेच केली होती. १९६२ साली इंग्लंडने अल्पकालीन लाभावर जो कर बसविला, त्यात रोख्यांना सहा महिने व जमिनीला तीन वर्षे अशी मुदत ठेवली. सहा लक्षणांपैकी एकच लक्षण कायद्याने उचलले आणि त्यास निर्णायक स्थान दिले. कारण उघड आहे. सहाही लक्षणांची छाननी करावयाची तर प्रत्येक व्यवहारामागे एक वाद उभा राहतो. दोन तारखांमधील अंतर मोजण्यास वाद लागत नाही.

या सोयीची किंमत अशी की, ती खूण ज्या गोष्टीची आहे तिच्यापासून सुटते. तेरा महिने थांबलेला सटोडिया गुंतवणूकदार ठरतो आणि आजारपणामुळे दहाव्या महिन्यात विक्री करावी लागलेली विधवा सट्टेबाजांच्या पंक्तीत बसते. मुदत कोणती असावी यालाही हेतूच्या तत्त्वातून काही उत्तर मिळत नाही. भारतातील मुदतीचा पुढील प्रवास हेच दाखवितो. बारा महिन्यांची मुदत पुढे चोवीस महिन्यांवर गेली. १९७३ च्या वित्त अधिनियमाने ती साठ महिने केली. १९७७ च्या अधिनियमाने ती छत्तीस महिन्यांवर आणली. १९८७ साली समभागांपुरती ती पुन्हा बारा महिने झाली. या पंचवीस वर्षांत सट्टा कशाला म्हणावे याची कल्पना चार वेळा बदलली असे कोणी म्हणणार नाही. बदलत होते ते सरकारचे धोरण : कधी करचुकवेगिरीला आळा, कधी भांडवलबाजाराला उत्तेजन.

मुदतीची रेषा व्यवहारात काय करते हे २०२४ च्या दरांवरून पाहता येईल. २३ जुलै २०२४ पासून बाजारात नोंदलेल्या समभागांवरील बारा महिन्यांपर्यंतच्या लाभास वीस टक्के, आणि त्याहून अधिक काळानंतरच्या लाभास वर्षाला सव्वा लाखाची सूट देऊन साडेबारा टक्के असे दर ठरले. अधिभार व उपकर बाजूस ठेवू. एखाद्याने वीस लाखांस घेतलेल्या समभागांची किंमत अकरा महिन्यांनी चोवीस लाख झाली आहे. आज विकल्यास चार लाखांवर ऐंशी हजार रुपये कर. महिनाभर थांबून त्याच भावाने विकल्यास, त्या वर्षी त्याचा दुसरा असा लाभ नाही असे धरून, पावणेतीन लाखांवर चौतीस हजार तीनशे पंचाहत्तर रुपये. थांबण्याचे बक्षीस पंचेचाळीस हजारांहून अधिक. किंमत त्या महिन्यात सुमारे बावन्न हजारांनी, म्हणजे शेकडा दोनहून थोडी अधिक घसरली तरी त्याचे नुकसान होत नाही. अर्थात् भाव उतरेल असे वाटत असूनही तो थांबेल. तोटा झालेल्याचे वर्तन याच्या उलट असते. भारतीय कायद्यानुसार अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या लाभांतून वजा करता येतो, दीर्घकालीन तोटा मात्र केवळ दीर्घकालीन लाभातून. म्हणून मुदत भरत आली की तोट्यातील समभाग विकण्याची घाई होते. विक्रीस नाखूष झालेले भांडवल मोकळे व्हावे म्हणून सवलत दिली, आणि सवलतीच्या रेषेने मुदतीअलीकडे एक नवे कुंपण घातले, असा हा विरोध आहे.

रेषा एकच ठेवण्याऐवजी पायऱ्या केल्या तर? अमेरिकेने १९३४ साली हा प्रयोग केला. एक वर्षापर्यंत धारण केलेल्या मालमत्तेचा संपूर्ण लाभ करपात्र. दोन वर्षांपर्यंत ऐंशी टक्के. पाच वर्षांपर्यंत साठ. दहा वर्षांपर्यंत चाळीस. त्यापुढे तीस टक्के. साचण्याच्या तत्त्वाशी ही योजना अधिक सुसंगत होती. परंतु एका कुंपणाच्या जागी तिने चार कुंपणे उभी केली, आणि पुढची पायरी दृष्टिपथात असेतो विक्री न करण्यास प्रत्येक मालकाला कारण मिळाले. चारच वर्षांनी, १९३८ साली, ही योजना मोडून मुदतींची संख्या कमी करण्यात आली.

आतापर्यंत दोन कारणे पाहिली : साचणे आणि हेतू. तिसरे कारण चलनवाढीचे होय. दीर्घकाळाने विकलेल्या मालमत्तेच्या लाभातील मोठा भाग किंमतीच्या वाढीचा नसून रुपयाच्या घसरणीचा असतो, आणि त्यावर कर घेणे म्हणजे मुळातील भांडवलावर कर घेणे होय. या कारणाचा स्वीकार भारतात १९९२ साली झाला. राजा चेल्लय्या यांच्या अध्यक्षतेखालील करसुधार समितीच्या शिफारशीनंतर दीर्घकालीन मालमत्तेची मूळ किंमत निर्देशांकाने वाढवून मग लाभ मोजण्याची पद्धती सुरू झाली, आणि अशा लाभावर वीस टक्के दर ठेवण्यात आला. या पद्धतीत काळ प्रथमच प्रमाणात मोजला गेला. बारा महिन्यांची रेषा दहा वर्षे व तीस वर्षे यांत फरक करीत नाही, निर्देशांक करतो.

काळ मोजला जाऊ लागल्यावर कोणाचा काळ हा प्रश्नही पुढे आला. कायद्यातील शब्द ‘मालकी’ हा नसून ‘धारण’ हा आहे, आणि भेट किंवा वारसा यांनी आलेल्या मालमत्तेत पूर्वीच्या मालकाचा धारणकाल नव्याच्या काळात मिळवावा असे कायदा सांगतो. २०११ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात मुलीने १९९३ मध्ये घेतलेला फ्लॅट २००३ च्या आरंभी आईस भेट दिला आणि आईने काही महिन्यांतच तो विकला. लाभ दीर्घकालीन आहे हे करखात्यास मान्य होते. परंतु निर्देशांक मात्र आईच्या हाती फ्लॅट आला त्या वर्षापासूनच लावावा, असा त्याचा आग्रह होता. तो न्यायालयाने अमान्य केला. दीर्घकालीनत्व ठरविताना मुलीची दहा वर्षे धरावयाची आणि चलनवाढ मोजताना ती विसरावयाची, ही विसंगती कायद्याच्या हेतूशी जुळत नाही, असा निर्णयाचा मथितार्थ होता. करदात्याने आपल्या कागदपत्रांत पूर्वमालकाची खरेदीची तारीख व किंमत जपून ठेवणे का अगत्याचे आहे, हेही यावरून दिसते.

२०२४ च्या वित्त अधिनियमाने निर्देशांकाची ही पद्धती सामान्यतः बंद केली आणि त्याबदली दर वीसवरून साडेबारा टक्क्यांवर आणला. मुदतीही दोनच उरल्या : नोंदलेल्या रोख्यांना बारा महिने, इतर मालमत्तेस चोवीस. मात्र निवासी व्यक्ती व हिंदु अविभक्त कुटुंबे यांनी २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन व इमारतींपुरता, दोन रीतींपैकी ज्या रीतीने कर कमी येईल ती लागू ठेवली. या अपवादामुळे दोन्ही रीतींची तुलना करणे सोपे झाले आहे. समजा, २००४-०५ मध्ये दहा लाखांस घेतलेला भूखंड २०२४-२५ मध्ये विकला. त्या दोन वर्षांचे निर्देशांक ११३ व ३६३ होते. म्हणून दहा लाखांची निर्देशित किंमत सुमारे बत्तीस लाख बारा हजार होते. भूखंड चाळीस लाखांस विकला गेला, तर जुन्या रीतीने पावणेआठ लाखांहून किंचित् अधिक लाभावर सुमारे एक लाख सत्तावन्न हजार कर येतो, नव्या रीतीने तीस लाखांवर तीन लाख पंचाहत्तर हजार. ऐंशी लाखांस विकला गेला तर जुन्या रीतीने सुमारे नऊ लाख सत्तावन्न हजार, नव्या रीतीने आठ लाख पंचाहत्तर हजार. दोन्ही रीती सुमारे एकोणसत्तर लाखांच्या किंमतीस समान होतात. म्हणजे वीस वर्षे दरसाल शेकडा दहाच्या आसपास वाढ झाली असेल तेव्हा. तीहून कमी वाढलेल्या मालमत्तेला निर्देशांक हितकर होता, अधिक वाढलेलीला कमी दर हितकर आहे. कमी दर ही चलनवाढीची भरपाई आहे असे मानले, तर ही भरपाई ज्यास सर्वांत कमी गरज आहे त्यास सर्वांत अधिक मिळते.

यावरून धारणकालाच्या नियमाचे स्वरूप स्पष्ट होते. साचणे, हेतू आणि चलनवाढ ही तीन निरनिराळी कारणे आहेत, आणि प्रत्येकाची काळाशी असलेली नाती निराळी आहेत. साचण्याचा दोष वर्षांच्या संख्येबरोबर वाढतो, पण करदात्याच्या दराच्या टप्प्यावरही अवलंबून असतो. हेतूला काळ केवळ सुचवितो. चलनवाढ काळाबरोबर चालते, पण निरनिराळ्या दशकांत निरनिराळ्या वेगाने. या तिन्हींचे काम बारा किंवा चोवीस महिन्यांच्या एकाच रेषेवर टाकले की तिच्याकडून एकही काम पुरते होत नाही. तथापि ती टिकून राहते, कारण ती मोजता येते.

काळ वस्तूचे स्वरूप बदलतो ही कल्पना मात्र सर्वत्र टिकलेली नाही. २०२३ साली भारतीय कायद्याने, ज्या सामायिक निधींची समभागांतील गुंतवणूक पस्तीस टक्क्यांहून अधिक नसते त्यांचे त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून घेतलेले घटक कितीही काळ बाळगले तरी त्यांवरील लाभ अल्पकालीनच मानावा, असे ठरविले. अशा निधीतील वाढ ही मुख्यतः रोख्यांवरील व्याजाची असते, आणि व्याज तीन वर्षे साठवून ठेवल्याने ते झाडाची वाढ होत नाही, ते फळच राहते. १९५४ च्या निर्णयाने झाड व फळ यांतील भेद घटनात्मक अधिकारापुरता निकालात काढला होता. सत्तर वर्षांनंतरही करकायदा त्या भेदाची खूण शोधीतच आहे, आणि दोन तारखांमधील अंतरापेक्षा अधिक सोयीची खूण त्यास अद्याप सापडलेली नाही.